नोट्समधलं लांबलचक उत्तर परीक्षेसाठी मुद्देसूद कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवते आणि दर सत्राला पेपर तपासायला बसते. वर्गात मुलं जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलंय: संयुक्त महाराष्ट्र चळवळ. हा विषय बहुतेकांना शाळेपासून माहीत असतो, त्यामुळे मजकूर समजून घेण्यात वेळ जाणार नाही आणि मांडणीकडे नीट लक्ष देता येईल.

नोट्समधलं आदर्श उत्तर चांगलंच असतं. ते तसंच पाठ करून लिहिलं तर काय बिघडतं?

पहिली अडचण वेळेची आहे. समजा 60 गुणांचा पेपर आहे आणि वेळ अडीच तास. म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटं. 15 गुणांच्या प्रश्नाला साधारण 37 मिनिटं मिळतात. त्यातली तीन-चार मिनिटं प्रश्न वाचण्यात आणि विचार करण्यात जातात. उरलेल्या वेळात मिनिटाला 16 ते 18 शब्द लिहिणाऱ्या मुलाचे साडेपाचशे-सहाशे शब्द होतात. नोट्समधलं उत्तर मात्र बऱ्याचदा दीड हजार शब्दांचं असतं. ते सुरुवातीपासून लिहायला घेतलं की 1953 च्या नागपूर करारापाशी घंटा वाजते आणि 1960 पर्यंत उत्तर पोहोचतच नाही. असे पेपर मी दरवर्षी बघते. मुलाला सगळं येत असतं, पण प्रश्नाचं खरं उत्तर न लिहिलेल्या पानांत राहून जातं.

दुसरी अडचण वाचणाऱ्याची. नोट्स समजण्यासाठी लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्या गोष्ट सांगितल्यासारख्या पुढे जातात. परीक्षकाला मात्र गुण द्यायचे असतात. त्याला तुमचा एकेक मुद्दा सापडला पाहिजे. सलग दोन पानांच्या परिच्छेदात चौथा मुद्दा कुठे सुरू झाला हे शोधावं लागलं, तर तो नजरेतून सुटण्याची शक्यता असतेच.

तुमचा लिहिण्याचा वेग एकदा मोजून घ्या. घड्याळ लावून दहा मिनिटं परीक्षेसारखं लिहा आणि शब्द मोजा. पुढचं सगळं गणित त्या आकड्यावर उभं राहतं.

सुरुवात कुठून करायची? परिच्छेदाला मुद्दे पाडायचे का?

नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. उत्तर समोर ठेवून पहिल्या परिच्छेदाला एक शीर्षक, दुसऱ्याला दुसरं, असं करत गेलात तर तेच लांब उत्तर वर टोप्या घालून उभं राहतं. सुरुवात प्रश्नातल्या क्रियापदापासून करायची.

एकाच विषयावर हे तीन प्रश्न येऊ शकतात:

'संयुक्त महाराष्ट्र चळवळीची वाटचाल सांगा.'
'संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या यशाची कारणे स्पष्ट करा.'
'संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे मूल्यमापन करा.'

पहिल्यात टप्पे हवेत, तेव्हा काळानुसार मांडणी बरोबर. दुसऱ्यात कारणं हवीत, म्हणजे प्रत्येक मुद्दा 'म्हणून यश मिळालं' या शब्दांपाशी येऊन थांबला पाहिजे. तिसऱ्यात काय साधलं आणि काय राहिलं, अशा दोन्ही बाजू लागतात. उदाहरणार्थ, बेळगाव आणि सीमाभाग महाराष्ट्रात आले नाहीत, ही मर्यादा मूल्यमापनात स्वतंत्र मुद्दा होते, पण यशाच्या कारणांत तिला जागाच नाही.

नोट्समधलं उत्तर जवळजवळ नेहमी वाटचालीच्या रूपात असतं, कारण शिकवताना काळाचा क्रम सोयीचा पडतो. प्रश्न कारणांचा आला आणि तुम्ही वाटचाल लिहिली, तर माहिती सगळी खरी असूनही 15 पैकी सहा-सातावर गाडी अडते. म्हणून नवीन उत्तर लिहायला घेण्याआधी वहीच्या वर प्रश्न पूर्ण लिहा आणि क्रियापदाखाली रेघ मारा.

एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

घेऊ या. प्रश्न यशाच्या कारणांचा, गुण 15. नोट्समधल्या उत्तराचा क्रम साधारण असा असतो: 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनातला ठराव, 1948 चा दार आयोग, त्यानंतरची जेव्हीपी समिती, 1953 चा नागपूर करार, फाजल अली आयोग आणि त्याचा 1955 चा अहवाल, नोव्हेंबर 1955 आणि जानेवारी 1956 मधले गोळीबार, 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना, चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा, 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य, 1957 ची निवडणूक, प्रतापगडावरची निदर्शनं आणि शेवटी 1 मे 1960.

आता पेन्सिल घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: 'याच्यामुळे यश कसं मिळालं?' बेळगावच्या संमेलनापाशी हात अडतो. दार आयोग आणि जेव्हीपी समितीपाशीही अडतो, कारण त्यांनी मागणी मान्यच केली नव्हती. नागपूर कराराने मराठी भाषक प्रदेश जवळ आले असं म्हणता येतं, पण तेही पार्श्वभूमीतच बसतं. म्हणजे नोट्समधली पहिली अडीच-तीन पानं या प्रश्नापुरती पार्श्वभूमी ठरली. ती फेकायची नाही, प्रस्तावनेच्या तीन वाक्यांत आणायची.

समितीच्या स्थापनेपाशी मात्र समासात लगेच लिहिता येतं: 'वेगवेगळे पक्ष एकत्र आले.' गोळीबारापाशी: 'लोक चिडले, माघार शक्य राहिली नाही.' 1957 पाशी: 'काँग्रेसला मतांचा फटका बसला.' समासातल्या या नोंदी गोळा केल्या की मुद्दे आपोआप समोर येतात. माझ्या वर्गात साधारण हे सात निघतात:

1. विरोधी पक्ष एका समितीत एकत्र आले
2. कामगार आणि शेतकरी चळवळीत उतरले
3. शाहीर आणि वृत्तपत्रांनी मागणी घरोघर नेली
4. गोळीबारांमुळे जनमत अधिक तीव्र झाले
5. 1957 च्या निवडणुकीत काँग्रेसला फटका बसला
6. गुजरातमधूनही द्विभाषिकाला विरोध झाला
7. काँग्रेस नेतृत्वाने भूमिका बदलली

सहावा मुद्दा जरा थांबून बघा. मराठी नोट्समध्ये तो एखाद्या वाक्यात उरकलेला असतो, कारण गोष्ट आपल्या बाजूने सांगितलेली असते. पण द्विभाषिक राज्य गुजरातलाही नको होतं. इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ सुरू होती. दोन्ही भाषकांचा विरोध असलेलं राज्य टिकवणं कठीण होतं, हे सरळ कारण आहे. वाटचाल लिहिताना हे वाक्य बाजूला पडतं आणि कारणं शोधताना ते वर येतं. मांडणी बदलली की विषय आधीपेक्षा नीट समजतो, याचा मला सगळ्यात मोठा पुरावा इथे मिळतो.

शब्दांचं गणितही बघून घ्या. सात मुद्दे, प्रत्येकी साठ शब्द, म्हणजे 420. प्रस्तावना पन्नास, समारोप चाळीस. एकूण 510. मिनिटाला 16 शब्दांच्या वेगाने हे 32 मिनिटांत होतं. बसलं.

शीर्षक कसं असावं?

शीर्षक वाचूनच उत्तर कळलं पाहिजे. 'निवडणूक' हे शीर्षक म्हणजे नुसती चिठ्ठी. कोणाची निवडणूक, काय झालं, काही कळत नाही. '1957 च्या निवडणुकीत काँग्रेसला फटका बसला' हे विधान आहे आणि ते प्रश्नाला थेट उत्तर देतं. परीक्षकाने घाईत फक्त शीर्षकं वाचली, तरी त्याला तुमच्या उत्तराचा सांगाडा पूर्ण मिळतो.

तपासायची सोपी युक्ती सांगते. शीर्षकाच्या पुढे 'म्हणून चळवळ यशस्वी झाली' हे शब्द जोडून वाचा. 'विरोधी पक्ष एका समितीत एकत्र आले, म्हणून चळवळ यशस्वी झाली.' वाक्य जुळलं. 'फाजल अली आयोग, म्हणून चळवळ यशस्वी झाली.' नाही जुळलं, तेव्हा हे शीर्षक या उत्तरात नको. वाटचालीच्या प्रश्नात मात्र 'फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली' हे शीर्षक उत्तम चालेल.

लांबी पाच ते सात शब्द पुरे. शीर्षक दीड ओळीचं झालं तर त्यात दोन मुद्दे कोंबलेत असं समजा.

शीर्षकाखाली किती आणि काय लिहायचं?

तीन ते पाच वाक्यं. त्यात तीन गोष्टी यायला हव्यात: काय घडलं, त्याचा ठोस पुरावा, आणि प्रश्नाशी त्याचा संबंध. तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त गळते.

नोट्समधला हा परिच्छेद बघा:

> 'फाजल अली आयोगाच्या शिफारशींमुळे मराठी भाषकांमध्ये प्रचंड असंतोष निर्माण झाला. ठिकठिकाणी सभा, मोर्चे, निदर्शने होऊ लागली. अशा वातावरणात 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात एक बैठक होऊन संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना करण्यात आली. या समितीमध्ये प्रजा समाजवादी पक्ष, कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन इत्यादी पक्षांचा समावेश होता. एस. एम. जोशी हे समितीचे सरचिटणीस होते. समितीने अनेक सभा घेतल्या. आचार्य अत्रे, श्रीपाद अमृत डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशा अनेक नेत्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. लोकांचा प्रतिसाद उत्स्फूर्त होता.'

सत्तर-ऐंशी शब्द आहेत, खोटं काही नाही. पण 'यश का मिळालं' याचं उत्तर देणारं एकही वाक्य नाही. ते वाचणाऱ्याने स्वतःच काढायचं आहे. आता त्याचा मुद्दा करू:

> 1. विरोधी पक्ष एका समितीत एकत्र आले
> 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस होते. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी परस्परांशी मतभेद असणारे पक्ष तिच्यात एकत्र आले. त्यामुळे काँग्रेसविरोधी मते विभागली गेली नाहीत आणि मागणीला संघटित राजकीय बळ मिळाले.

काय गेलं? 'सभा, मोर्चे, निदर्शने', 'उत्स्फूर्त प्रतिसाद' आणि नेत्यांची यादी. अत्रे पूर्ण गेलेले नाहीत. त्यांचं दैनिक 'मराठा' 15 नोव्हेंबर 1956 ला सुरू झालं, ते तिसऱ्या मुद्द्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या शेजारी येईल. काय आलं? 'एरवी परस्परांशी मतभेद असणारे' हे चार शब्द आणि 'त्यामुळे' पासूनचं शेवटचं वाक्य. मूळ उत्तरात हे नव्हतंच. ते तुम्हाला स्वतः लिहावं लागतं, आणि गुण तिथेच असतात.

पण नुसते मुद्दे लिहिले की झालं, असं सगळे सांगतात. वाक्यं कशाला?

हा गैरसमज फार मुलांचे गुण खातो. एका मुलीचा पेपर मला अजून आठवतो. तिने 15 गुणांच्या उत्तरात अकरा मुद्दे लिहिले होते. सुबक अक्षर, प्रत्येकाखाली रेघ. आणि त्यांच्याखाली असं: 'शाहीरांचे योगदान. अमर शेख. अण्णा भाऊ. पोवाडे. जनजागृती.' तिला विषय येत होता, हे मला दिसत होतं. पण प्रश्न 'स्पष्ट करा' असा होता आणि पानावर स्पष्ट केलेलं काहीच नव्हतं. पोवाड्यांमुळे नेमकं काय झालं? गिरणगावातल्या आणि खेड्यातल्या ज्या माणसाच्या हाती वर्तमानपत्र येत नव्हतं, त्याच्यापर्यंत ही मागणी गाण्यातून पोहोचली, एवढं एक वाक्य असतं तरी मला तिथे गुण देता आले असते. तिचा पेपर बाजूला ठेवताना मनाला लागलं.

लांब उत्तरातल्या 'त्यामुळे', 'परिणामी', 'तरीही', 'याउलट' या शब्दांनी कार्यकारण बांधलेलं असतं. मुद्दे पाडताना हेच शब्द आधी कापले जातात, कारण ते माहितीसारखे वाटत नाहीत. पुनर्लेखन झाल्यावर एकदा फक्त यासाठी उत्तर वाचा: प्रत्येक मुद्द्यात असा निदान एक शब्द आहे का? नसेल तर तो मुद्दा नुसती नोंद आहे.

मुद्द्यांचा क्रम कसा ठरवायचा?

कारणांच्या उत्तरात मी दोन गोष्टी सांगते. सगळ्यांत भक्कम कारण पहिलं किंवा दुसरं ठेवा, कारण वेळ संपला तर शेवटचं गळतं. आणि एका मुद्द्यातून पुढचा निघत असेल तर त्यांना शेजारी ठेवा. पक्ष एकत्र आले म्हणून कामगार-शेतकरी उतरले. जनमत पेटलं म्हणून 1957 चा निकाल तसा लागला. निकाल तसा लागला म्हणून काँग्रेस नेतृत्वाने पुन्हा विचार केला. वरच्या सात मुद्द्यांचा क्रम असाच लागलाय. सहावा, गुजरातचा, बाहेरून येतो, पण तो सातव्याच्या आधी हवाच, कारण नेतृत्वाला दोन्ही बाजूंनी दबाव जाणवत होता.

प्रस्तावना आणि समारोप लागतात का? त्यांना शीर्षक द्यायचं का?

लागतात, पण आटोपशीर. 'प्रस्तावना' असं शीर्षक दिलंत तरी चालतं, काही शिक्षकांना ते आवडतं. मला आत काय आहे ते महत्त्वाचं वाटतं. 'महाराष्ट्र ही संतांची आणि वीरांची भूमी आहे' अशी सुरुवात कुठल्याही उत्तराला लावता येते, म्हणून ती नको. समासात 'पार्श्वभूमी' म्हणून बाजूला काढलेली तीन पानं इथे येतात:

> '1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दार आयोग, जेव्हीपी समिती आणि फाजल अली आयोग यांनी ही मागणी मान्य केली नाही. तरीही 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. या यशामागील प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे:'

चार वाक्यं. नकार, नकार, नकार आणि तरीही यश. कारणं का शोधायची हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

समारोपात मुद्दे पुन्हा मोजू नका. त्याऐवजी कारणांपैकी कोणतं सगळ्यांत निर्णायक होतं हे तुमच्या मते सांगा, दोन वाक्यांत, आधाराने. मी स्वतः 1957 ची निवडणूक म्हणेन, कारण त्याआधीचा सगळा राग मतपेटीत मोजता आला तो तेव्हाच. तुमचं मत वेगळं असू शकतं. गुण मताला नसतात, त्यामागच्या आधाराला असतात.

तारखा आणि आकडे किती ठेवायचे?

एका मुद्द्याला एक, फार तर दोन. या उत्तरात 6 फेब्रुवारी 1956, 1 नोव्हेंबर 1956, 1957 आणि 1 मे 1960 अनिवार्य. बाकीच्या वर्षाने भागतात. तारीख नक्की आठवत नसेल तर 'जानेवारी 1956 मध्ये' लिहा. चुकीची तारीख लिहिण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

हुतात्म्यांच्या संख्येबद्दल दरवर्षी विचारणा होते. कुठे 105 लिहिलेलं सापडतं, कुठे 106. तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जो आकडा आहे तो लिहा आणि उत्तरभर तोच ठेवा. एकाच उत्तरात पान दोनवर 105 आणि पान चारवर 106 आला, की परीक्षकाला वाटतं मूल दोन ठिकाणचं पाठ करून आलंय.

कागदावर मांडणी कशी करायची?

प्रश्न क्रमांक प्रश्नपत्रिकेत आहे तसाच. शीर्षक नव्या ओळीवर, समासापासून सुरू, खाली एकच रेघ. दोन मुद्द्यांमध्ये एक ओळ मोकळी. क्रमांक 1, 2, 3 असे एकाच पद्धतीचे. मध्येच अ, ब, क आणि मग पुन्हा आकडे असा गोंधळ नको. उपमुद्दे शक्यतो टाळा. 15 गुणांच्या उत्तरात तिसऱ्या पातळीपर्यंत गेलात तर सांगाडा उरतो, मांस जातं.

निळी किंवा काळी शाई. लाल आणि हिरवी परीक्षक-नियामकांसाठी असते, ती वापरू नका. रंगीत स्केचपेनची हौसही सोडा. आता अनेक विद्यापीठांत उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासली जाते, तिथे फिकट पेन्सिलीची रेघ दिसत नाही आणि जाड स्केचपेन मागच्या पानावर उमटून अक्षर वाचवत नाही. शीर्षकाखालची रेघ लिहितानाच, त्याच पेनने मारा. सगळ्यात शेवटी मारू म्हटलं की तो शेवट येतच नाही.

हे सगळ्या विषयांना आणि सगळ्या प्रश्नांना चालतं का?

नाही. कारणे, परिणाम, वैशिष्ट्ये, कार्ये, फायदे-तोटे, फरक अशा प्रश्नांना उत्तम चालतं. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र यांतले बहुतेक दीर्घोत्तरी प्रश्न याच जातीचे असतात. पाच गुणांच्या टिपेला तीन मुद्दे पुरतात, प्रत्येकी दोन-तीन वाक्यं.

साहित्याच्या पेपरात जपून. 'कवितेचे रसग्रहण करा' या प्रश्नाला 'प्रतिमा', 'भाषा', 'आशय' अशी शीर्षकं देऊन कविता कापली तर रसग्रहण होतच नाही. तिथे परिच्छेद सलग ठेवा, फक्त प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य ठळक विधान करा. निबंधालाही हेच. कायद्याच्या पेपरात एखादी घटना देऊन निर्णय विचारला असेल, तर तिथल्या पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो: घटना, वादाचा प्रश्न, लागू होणारं कलम, ते या घटनेला कसं लागू होतं, निष्कर्ष. तो क्रम मोडून मुद्दे पाडायचे नाहीत.

नवीन उत्तर तयार झालं. ते लक्षात कसं ठेवायचं?

फक्त सात शीर्षकं पाठ करा, खालची वाक्यं नाहीत. शीर्षक विधान असेल तर त्याखालचं स्वतःच्या शब्दांत लिहिता येतं. मुलं आद्याक्षरांची साखळी करतात: पक्ष, कामगार, शाहीर, गोळीबार, निवडणूक, गुजरात, नेतृत्व. त्यातून 'पकाशागोनिगुने' असा अर्थहीन शब्द होतो, पण तो डोक्यात बसतो. परीक्षेत प्रश्न वाचल्याबरोबर उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर, तुमच्या परीक्षेचे नियम परवानगी देत असतील तर, तो लिहून घ्या आणि काम झाल्यावर एक रेघ मारा.

तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर 35 मिनिटं लावून पूर्ण उत्तर लिहा. नोट्स मिटलेल्या. मग मूळ उत्तर उघडून दोन्ही शेजारी ठेवा. कोणता मुद्दा एका वाक्यात संपला, ते बघा. तोच तुम्हाला अजून नीट कळलेला नाही. माझ्या वर्गात हे नेहमी सातव्या मुद्द्याचं होतं. 'काँग्रेस नेतृत्वाने भूमिका बदलली' असं लिहून मुलं थांबतात. का बदलली, यशवंतराव चव्हाणांपुढे काय पेच होता, हे वाचायला त्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडावं लागतं.

ऐन परीक्षेत वेळ कमी पडला तर?

दहा मिनिटं उरली आणि चार मुद्दे बाकी असतील, तर चौथा सविस्तर लिहून पाचवा, सहावा, सातवा सोडू नका. चारही शीर्षकं लिहा आणि प्रत्येकाखाली 'त्यामुळे' असलेलं एकच वाक्य लिहा. समारोप सोडला तरी चालेल. '1957 च्या निवडणुकीत काँग्रेसला फटका बसला' आणि खाली 'पश्चिम महाराष्ट्रात समितीच्या उमेदवारांनी मोठे यश मिळवले; त्यामुळे द्विभाषिक राज्य मराठी जनतेला मान्य नाही हे मतांतून सिद्ध झाले.' दोन ओळी झाल्या, पण मुद्दा पूर्ण आहे आणि परीक्षक त्याला गुण देऊ शकतो.